चीजकेकला तडा का जातो आणि पाणी का सुटतं

भाजलेल्या चीजकेकला मधोमध तडा गेला की दोष ओव्हनला दिला जातो आणि पाणी सुटलं की क्रीम चीजला. बहुतेक वेळा या दोन्हींचं मूळ एकच असतं. चीजकेकमधलं अंडं गरजेपेक्षा जास्त शिजलेलं असतं. क्रीम चीजचा प्रकार, फेटण्याची पद्धत, पाण्याचा ट्रे, हळूहळू थंड करणं हे सगळं शेवटी त्या अंड्यावर येणारा ताण कमी करण्यासाठीच असतं. हे ध्यानात ठेवलं की कुठली पायरी सोडून चालेल आणि कुठली अजिबात सोडता येणार नाही हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

इथे बोलणं आहे ते अंडं घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या, न्यूयॉर्क पद्धतीच्या चीजकेकबद्दल. जिलेटिनवर किंवा अगर-अगरवर फ्रिजमध्ये लावतात त्याचं गणित निराळं आहे. बिनअंड्याच्या, कंडेन्स्ड मिल्क आणि कॉर्नफ्लोअरवर उभ्या असलेल्या चीजकेकचंही निराळं.

आत काय घडतं ते आधी पाहू. कच्च्या अंड्यातली प्रथिनं गुंडाळ्यांसारखी सुटी तरंगत असतात. उष्णता मिळाली की ती उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. क्रीम चीजमधलं पाणी आणि स्निग्धांश या जाळ्यात अडकून बसतो, म्हणून पातळ मिश्रणाचा कापता येईल असा घट्ट, मऊ गोळा होतो. पांढऱ्यातली प्रथिनं साधारण 62 अंश सेल्सियसपासून घट्ट व्हायला लागतात, पिवळ्यातली 65 ते 70 अंशांच्या दरम्यान. चीजकेकचा मध्यभाग 65-66 अंशांवर आला की त्याला ओव्हनच्या आचेची गरज उरत नाही. उरलेला घट्टपणा साचलेल्या उष्णतेने आणि नंतर फ्रिजच्या थंडीने येतो, कारण क्रीम चीजचा स्निग्धांश थंड झाल्यावरच आवळतो.

तापमान त्याच्या बरंच पुढे गेलं की जाळं आकसायला लागतं. आकसताना ते अडकवलेलं पाणी बाहेर पिळून टाकतं. खरवस जास्त वेळ वाफवला तर त्याला जाळी पडते आणि ताटलीत पाणी साठतं, तसंच हे. आणि आकसणारा गोळा टिनच्या कडेला चिकटलेला असेल, तर तो कडेपासून सुटत नाही, मधूनच फाटतो. तडा आणि पाणी एकाच चीजकेकमध्ये बरोबर दिसतात ते यामुळे.

क्रीम चीजमधलं पाणी

20 सेंटिमीटरच्या, म्हणजे 8 इंची टिनचं एक प्रमाण समोर ठेवू. तळासाठी 150 ग्रॅम डायजेस्टिव्ह किंवा मारी बिस्किटांचा चुरा आणि 70 ग्रॅम वितळलेलं लोणी. वरच्या मिश्रणाला 600 ग्रॅम क्रीम चीज, 150 ग्रॅम बारीक साखर, 12 ग्रॅम (दीड टेबलस्पून) कॉर्नफ्लोअर, 150 ग्रॅम सावर क्रीम किंवा घट्ट चक्का, 100 मिली क्रीम, 3 अंडी आणि वर एक पिवळं, एक टेबलस्पून लिंबाचा रस, व्हॅनिला. टिन कडी उघडून बाजू काढता येणारा, स्प्रिंगफॉर्म, आणि निदान 7 सेंटिमीटर उंच हवा.

यातलं क्रीम चीज विटेच्या आकारात, चांदीच्या कागदात गुंडाळून मिळणारं घ्यावं. अमेरिकेच्या नियमानुसार क्रीम चीजमध्ये किमान 33 टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त 55 टक्के पाणी असतं, आणि बहुतेक पाककृती हेच प्रमाण धरून लिहिलेल्या असतात. डबीत मिळणारं, ब्रेडला लावायचं स्प्रेड मऊ राहावं म्हणून त्यात पाणी किंवा हवा जास्त असते. ‘लाइट’ लिहिलेल्यात स्निग्धांश कमी असतो आणि त्याची जागा पाणी घेतं. तीच 3 अंडी आता जास्त पाणी धरायचं काम करत असतात, आणि जमत नाही तेव्हा कापलेल्या तुकड्याच्या पायाशी पाणी दिसतं. म्हणून पाकिटावरचा स्निग्धांशाचा आकडा वाचूनच खरेदी करावी. 100 ग्रॅममागे 30 ग्रॅमच्या आसपास असेल तर निर्धास्त वापरा.

दुसरी गोष्ट साठवणीची. काही दुकानांत क्रीम चीज फ्रीजरमध्ये ठेवलेलं असतं. गोठल्यावर त्यातलं पाणी बर्फ होऊन वेगळं होतं आणि पुन्हा वितळलं तरी आधीसारखं एकजीव होत नाही. पाकीट उघडल्यावर कडेला पाणी सुटलेलं आणि चीज रवाळ, भुसभुशीत दिसलं तर ते गोठून आलेलं आहे असं समजावं. ते पराठ्यात किंवा पास्त्यात खपून जाईल, चीजकेकमध्ये नको.

क्रीम चीज महाग आहे म्हणून सगळीकडे चक्का किंवा पनीर वाटून घालण्याचे प्रयोग होतात. सगळं क्रीम चीज काढून चक्का घातला तर जे तयार होतं ते भापा दोईच्या, म्हणजे बंगाली वाफवलेल्या गोड दह्याच्या जवळचं असतं. चवीला छान लागतं, पण पाणी धरून ठेवण्याच्या बाबतीत ते क्रीम चीजची बरोबरी करत नाही. त्यात स्निग्धांश कमी असतो, आणि बाजारातल्या क्रीम चीजमध्ये पाणी धरून ठेवायला वनस्पतिजन्य डिंक घातलेला असतो तोही नसतो. वरच्या प्रमाणातला 150 ग्रॅमचा चक्का मात्र सावर क्रीमचं काम चोख करतो, फक्त तो श्रीखंडाला लागतो तितका घट्ट हवा. पारख सोपी आहे. चमचाभर चक्का टिश्यू पेपरवर दहा मिनिटं ठेवा. भोवती ओलं कडं रुंद पसरलं तर आणखी काही तास टांगून ठेवायला हवा.

फेटताना शिरलेली हवा

क्रीम चीज, चक्का आणि अंडी तिन्ही खोलीच्या तापमानाला आलेली हवीत. हा सल्ला सगळीकडे लिहिलेला असतो, पण त्याचं कारण क्वचितच सांगितलं जातं. थंड क्रीम चीजच्या गाठी राहतात. गाठी मोडायच्या म्हणून आपण जोरात आणि जास्त वेळ फेटतो, आणि अंडी घातल्यानंतर जोरात फेटलं की हवा भरली जाते. अंड्याचा पांढरा भाग हवा फार घट्ट धरतो, आपण मेरिंग बनवतो तेव्हा हेच तर हवं असतं. चीजकेकमध्ये मात्र ही हवा ओव्हनमध्ये फुगते, केक सूफ्लेसारखा टिनच्या वर येतो, वरचा थर ताणला जातो, आणि बाहेर काढल्यावर तो खाली बसताना फाटतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. क्रीम चीज बोट सहज आत जाईल इतकं मऊ झाल्यावर साखर आणि कॉर्नफ्लोअर घालून एकटंच फेटायचं. या टप्प्यावर कितीही फेटलं तरी नुकसान नाही. भांड्याच्या कडा आणि तळ दोन-तीन वेळा स्पॅच्युलाने खरवडून घ्यायचा आणि एकही गाठ राहिली नाही याची खात्री इथेच करायची, कारण अंडी गेल्यानंतर गाठ मोडायची संधी नाही. मग चक्का, क्रीम, लिंबू, व्हॅनिला. अंडी सर्वांत शेवटी, एकेक करून, सगळ्यात मंद वेगावर, आणि पिवळं दिसेनासं झालं की लगेच पुढचं. हाताच्या व्हिस्कने किंवा नुसत्या स्पॅच्युलाने केलं तर आणखी चांगलं. मिश्रण टिनमध्ये ओतल्यावर टिन ओट्यावर चार-पाच वेळा आपटायचा, दहा मिनिटं ठेवायचा आणि वर आलेले बुडबुडे टूथपिकने फोडायचे.

3 अंड्यांच्या जोडीला एक जादा पिवळं घेण्याचं कारणही इथेच आहे. पांढऱ्याचं जाळं घट्ट आणि रबरी होतं, पिवळ्याचं मऊ. पिवळ्यातला स्निग्धांश आणि लेसिथिन मिश्रण एकजीव ठेवतात. घट्टपणा वाढावा म्हणून चौथं अंडं अख्खं घालण्याचा मोह होतो. त्याने केक घट्ट होतो खरा, पण आकसण्याचा जोरही वाढतो.

कॉर्नफ्लोअर काही शुद्धतावाद्यांना चालत नाही. आमच्या मते ओटीजी वापरणाऱ्याने तो घालावाच. पिष्टाचे कण प्रथिनांच्या मधे येतात आणि त्यांना एकमेकांना करकचून आवळू देत नाहीत. याचा सर्वांत जास्त उपयोग टिनच्या कडेला होतो, कारण मध्यभाग 65 अंशांवर पोचेपर्यंत कडा बऱ्याच जास्त तापलेल्या असतात. फक्त दोन टेबलस्पूनच्या पुढे जाऊ नये, नाहीतर चावताना खिरीसारखी पिठूळ चव लागते. दुकानातली आयसिंग शुगर वापरत असाल तर तिच्यात आधीच कॉर्नफ्लोअर असतो, तो हिशेबात धरा.

ओव्हनमधला तास-सव्वा तास

आधी तळ. बिस्किटांचा थर दाबून बसवल्यावर 170 अंशांवर दहा मिनिटं भाजून पूर्ण थंड करावा. भाजलेला तळ लवकर ओला होत नाही. टिनच्या कडांना लोणी लावून बटर पेपरची पट्टी उभी चिकटवावी. ही पट्टी तड्यांविरुद्धचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण केक आकसला की तो कागदासकट टिनपासून सुटतो.

ओव्हन 150 अंशांवर. पंखा चालू असेल तर 130. शक्य असेल तर पंखा बंदच ठेवावा, कारण फिरती गरम हवा वरचा पृष्ठभाग सुकवते आणि सुकलेल्या पापुद्र्याला ताण सहन होत नाही. घरगुती ओटीजीचा डायल 15-20 अंशांनी चुकीचा असणं नवलाचं नाही, त्यामुळे जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर घ्यावा. ओटीजीमध्ये वरची कॉइल केकच्या फार जवळ येते, म्हणून टिन खालच्या खाचेत ठेवून फक्त खालची कॉइल लावावी, किंवा दोन्ही लावाव्या लागल्या तर शेवटच्या अर्ध्या तासात वर फॉइल सैल झाकावी.

पाण्याच्या ट्रेचं काम वाफ देण्यापेक्षा टिनच्या कडा थंड ठेवण्याचं जास्त आहे. ओव्हनची हवा 150 अंशांवर असली तरी पाणी 100 च्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे त्यात बुडालेली कडही जात नाही. कडा आणि मध्यभाग यांतला फरक कमी होतो, आणि मध्यभाग शिजेपर्यंत कड करपत किंवा आकसत नाही. त्यासाठी गरम पाणी टिनच्या अर्ध्या उंचीपर्यंत हवं. खालच्या जाळीवर पाण्याचं वेगळं भांडं ठेवलं तर वरचा थर सुकत नाही एवढा फायदा मिळतो, कडेला संरक्षण मिळत नाही. लहान ओटीजीत ट्रे मावतच नसेल तर हा उपाय करून तापमान 140 वर आणावं आणि वेळ वाढवावा.

स्प्रिंगफॉर्म टिन गळतो, हे गृहीतच धरा. त्याभोवती गुंडाळलेली घरगुती फॉइल बारीक भोकातूनही पाणी आत घेते आणि मग ते पाणी फॉइलमध्येच साचून तळ भिजवतं. त्यापेक्षा 20 सेंटिमीटरचा टिन 23 सेंटिमीटरच्या साध्या, अखंड केक टिनमध्ये ठेवावा आणि तो मोठा टिन पाण्याच्या ट्रेमध्ये. मधे हवेची पोकळी राहते म्हणून दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण पाणी आत जायचा प्रश्नच मिटतो.

एवढ्या प्रमाणाला साधारण 60 ते 75 मिनिटं लागतात. पहिली 50 मिनिटं दार उघडू नये. त्यानंतर टिन हलक्या हाताने हलवून पाहावा. बाहेरचा 5-6 सेंटिमीटरचा पट्टा स्थिर, किंचित फुगलेला आणि निस्तेज दिसला पाहिजे. मधला 8-10 सेंटिमीटरचा गोल भाग एकसंध थरथरला पाहिजे. तिथे लाटा उठल्या तर तो कच्चा आहे, अजून दहा मिनिटं द्या. तो अजिबात हलत नसेल तर उशीर झाला. सुरी किंवा काडी खुपसून ती कोरडी बाहेर येते का हे पाहणं इथे दुहेरी चुकीचं आहे. काडी कोरडी यायची म्हणजे केक जास्त शिजलेला असावा लागतो, आणि काडीचं भोक हीच पुढच्या तड्याची सुरुवात ठरते. खात्री हवी असेल तर टोकदार डिजिटल थर्मामीटर मध्यभागी एकदाच, शेवटी खुपसावा आणि 65-66 दिसलं की ओव्हन बंद करावा. बंद ओव्हनमध्ये आकडा आणखी काही अंश चढतो. गर्भवती, लहान मुलं किंवा वृद्ध खाणार असतील तर मात्र 71 अंश गाठू द्यावेत. थोडा मऊपणा कमी होईल आणि एखादी बारीक भेग पडेल, ते चालवून घ्यावं.

बास्क पद्धतीचा चीजकेक 200 अंशांच्या वर, पाण्याशिवाय भाजतात, मग त्याचं कसं चालतं, असा प्रश्न येतो. तिथे वरचा भाग मुद्दाम करपवलेला आणि सुरकुतलेला असतो, आणि मध्यभाग जवळजवळ वाहता असतानाच तो बाहेर काढतात. तड्याला तिथे कोणी दोष मानत नाही. न्यूयॉर्क पद्धतीचा गुळगुळीत, आतून सगळीकडे सारखा केक त्या आचेवर मिळणार नाही.

थंड करण्याचे तीन टप्पे

गरम केक फुगलेला असतो, थंड होताना तो आकसणारच. प्रश्न फक्त किती झपाट्याने आणि कुठे चिकटून, एवढाच आहे. गरम केक एकदम पंख्याखाली आणला तर कडा आणि वरचा थर झटकन थंड होऊन आवळतो, आतला भाग अजून गरम आणि मऊ असतो, आणि ताण मध्यभागी येतो.

पहिला टप्पा ओव्हनमध्येच. ओव्हन बंद करून दारात लाकडी चमचा अडकवायचा आणि एक तास केक आतच ठेवायचा. दार पूर्ण बंद ठेवलं तर आतल्या आचेने केक शिजत राहतो, हेही विसरू नये. जाड पत्र्याचा, उष्णता धरून ठेवणारा ओव्हन दोन मिनिटं आधी बंद करणं चांगलं.

दुसरा टप्पा ओट्यावर. बटर पेपरची पट्टी लावली नसेल तर बाहेर काढल्या काढल्या पातळ सुरी टिनच्या कडेला टेकवून पूर्ण गोल फिरवावी. बाजू मात्र अजून काढायची नाही. टिनचा तळ हाताला कोमट लागेनासा होईपर्यंत, साधारण दीड तास, जाळीवर ठेवावा. एप्रिल-मेच्या मुंबईत किंवा गोव्यात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये.

तिसरा टप्पा फ्रिज, किमान 8 तास. पहिले दोन तास न झाकता, आणि शक्य असेल तर कांदा, लसूण, फोडणीच्या आमटीपासून दूर, कारण चीजकेक वास पटकन धरतो. त्यानंतर टिनवर टिश्यू पेपर ताणून मग ताटली. 4 तासांत कापलेला केक आत ओलसर आणि ढिला लागतो, आणि लोक त्याला कच्चा समजतात. तो कच्चा नसतो, स्निग्धांश अजून आवळलेला नसतो.

तडा आणि पाणी, दोन्हींची जागा पाहा

तडा कधी आणि कुठे पडला यावरून कारण कळतं. ओव्हनमध्ये असतानाच, केक फुगून कडेजवळ गोलाकार भेगा पडल्या तर हवा जास्त शिरली आहे किंवा आच जास्त आहे. बाहेर काढताना नीट असलेला केक थंड होता होता मधोमध लांब फाटला तर तो जास्त शिजला होता किंवा कडेला चिकटला होता.

पाण्याचंही तसंच. वर स्वच्छ थेंब दिसत असतील तर ती झाकणाला लागलेली वाफ आहे, केक कोमट असताना झाकला गेला. टिश्यूने अलगद टिपून घ्या, आत काही बिघडलेलं नाही. तळाचं बिस्किट फक्त कडेला भिजलं असेल तर ट्रेचं पाणी आत गेलं. मध्यभाग पांढुरका, दाट आणि वाहता असेल तर केक खरोखर कच्चा आहे. तो रात्रभर फ्रिजमध्ये राहूनही कापता येत नसेल तर पुन्हा भाजून सुधारत नाही, आणि अंडं कच्चं असल्याने तो खाऊ नये. कापलेल्या बाजूतून फिकट पिवळसर पाणी झिरपत असेल आणि पोत रवाळ, बारीक छिद्रांचा असेल तर ते पिळून निघालेलं पाणी आहे. हे परत आत जात नाही. पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी बंद करणं हाच त्यावरचा इलाज.

नुसता तडा मात्र झाकता येतो. 150 ग्रॅम सावर क्रीममध्ये किंवा फेटून गुळगुळीत केलेल्या चक्क्यात दोन टेबलस्पून पिठीसाखर मिसळून थंड केकवर पसरावी, भेगेत आधी थोडी दाबून. उथळ भेग असेल तर गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीच्या पात्याने वरचा थर सारखा करता येतो. स्ट्रॉबेरी किंवा आंब्याच्या फोडी घालायच्या असतील तर त्या वाढायच्या आधी अर्ध्या तासापेक्षा लवकर घालू नयेत. साखरेत घोळवलेली फळं रात्रभर वर राहिली की रस सोडतात, आणि सकाळी ते पाणी चीजकेकचंच आहे असं वाटतं.